मदत हवी आहे: 60 हजार डॉलर म्हणजे नेमके किती रुपये?

धरमपेठची ताई
धाकट्या भावाला अमेरिकेत वर्षाला 60 हजार डॉलरची नोकरी आली आहे. इथे नागपूरला मिहानमध्ये त्याला 13 लाख मिळतात. काका म्हणतात, 85 ने गुणा, 51 लाख झाले. भावाने क्रयशक्ती समानतेचा, म्हणजे एका डॉलरमध्ये तिथे जेवढं मिळतं तेवढंच इथे घ्यायला किती रुपये लागतात याचा, हिशेब बघितला, त्यात डॉलरला 21 रुपये धरतात. उत्तर 12 लाख 60 हजार! म्हणजे पगार घटतोय का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, घरात रोज वाद.

महालवाला
21 हाच खरा भाव. एकाच वस्तूची किंमत सगळीकडे सारखीच असायला पाहिजे न बाप्पा! डॉलर उगाच चढलाय, आज ना उद्या खाली येईल.

जुना मास्तर
मोबाइलपुरतं बरोबर आहे, तो जहाजातून येतो. सीताबर्डीतलं कटिंग जहाजात चढत नाही. न्हाव्याला दोन्हीकडे अर्धा तासच लागतो, पण तिथे त्याला कमी दिलं तर तो दुकान सोडून गोदामात कामाला जाईल, कारण तिथल्या यंत्रांमुळे गोदामात मजुरी चांगली आहे. म्हणून कटिंग, घरभाडं, डॉक्टर, सगळं महाग. 21 आणि 85 मधलं हे अंतर आपली मजुरी वाढेल तसं कमी होतं. डॉलर आपोआप 21 वर येणार नाही. जागतिक बँकेने 2017 साठी देशादेशांतल्या किमतींची तुलना केली, त्यात आपला आकडा 20.65 निघाला, तेव्हा बाजारात डॉलर 65 ला होता.

ताई, पगार अख्खा गुणू नका. समजा कर जाऊन 48 हजार हातात आले. त्यातले 36 हजार तिथेच खर्च होतील, ते 21 ने गुणा: साडेसात लाखांचं राहणीमान. उरलेले 12 हजार नागपूरला आले तर ते 85 नेच गुणायचे: दहा लाख वीस हजार. आता इथल्या 13 लाखांतून कर आणि खर्च जाऊन काय उरतं, ते शेजारी मांडा.

वर्धा रोड
माझी मुलगी जर्मनीत आहे. इथे पोळ्यांना बाई होती, तिथे स्वतः लाटते, केससुद्धा मैत्रीण कापून देते. संत्री मात्र स्पेनची खाते.

जुना मास्तर
तुम्ही मुद्द्याचंच बोललात. महाग गोष्ट माणूस सोडतो, म्हणून दोन्हीकडची टोपली सारखी राहत नाही. शिवाय 21 मध्ये सरकारी सेवा आणि यंत्रसामग्रीही मोजलेली असते, आणि तो अख्ख्या देशाचा आकडा आहे. मुंबईपेक्षा नागपूर स्वस्त, म्हणजे इथले 13 लाख तिथल्या 13 लाखांपेक्षा थोडे जास्तच पुरतात. किती जास्त, ते मला छातीठोक सांगता येणार नाही.

धरमपेठची ताई
मास्तर, आभारी आहे. भावाला विचारलं, तर शहर कोणतं हेच कंपनीने अजून सांगितलेलं नाही. भाडं कळल्याशिवाय तुमचे 36 हजार धरायचे कसे? न्यूयॉर्क असेल तर किती धरू?