मदत हवी आहे: थकबाकीदार ठरवून समितीतून काढलं, निबंधकांकडे अपील कसं करावं?

नमस्कार. फोंड्यातल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीत बाबा व्यवस्थापक समितीवर निवडून आले होते. गेल्या महिन्यात ते थकबाकीदार आहेत असा ठराव करून समितीने त्यांना अपात्र ठरवलं. मेंटेनन्स वेळेवर भरल्याच्या सगळ्या पावत्या आमच्याकडे आहेत. समितीने थकबाकी धरली ती जादा पार्किंगची रक्कम, जिच्यावर बाबांनी आधीच लेखी हरकत घेतली होती. मागणीपत्र नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, म्हणणं मांडायची संधीही नाही. हे फार लागलंय त्यांना.

गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली कुणी अशी दाद मागितली आहे का? माझी मुख्य अडचण अशी: आदेश निबंधकांचा नसून समितीचा ठराव आहे, मग थेट अपील चालतं की वाद म्हणून अर्ज करावा लागतो? मुदत ठरावाच्या तारखेपासून मोजतात की पत्र हाती आल्यापासून? ठरावाची प्रमाणित प्रत सचिव देत नाहीत, म्हणून मागणीअर्जाची पोचच जोडायचा विचार आहे. रिकाम्या जागी दुसऱ्याला घ्यायच्या हालचाली सुरू आहेत, त्यामुळे स्थगितीचा अर्ज सोबतच द्यावा ना? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.