बारी घड्याळाची की पाण्याची? मौद्याकडची एक रात्र

नवा_ओलीतवाला: मौद्याकडे चार एकर घेतलंय. कालव्याच्या चारीवर माझी पाण्याची बारी कागदावर आहे, रात्री आठ ते सकाळी आठ. मग लोक रात्रभर चारीवर का बसतात? कागद असताना माणूस कशाला?

शेपटावरचा: माझेही चारच एकर, चारीच्या अगदी शेवटी, आणि वेळही तीच. मागच्या रब्बीतली एक रात्र सांगतो. गहू एकवीस दिवसांचा होता, मुकुटमुळं फुटायची वेळ. हे पाणी हुकलं की फुटवे कमी येतात, मग पुढं कितीही ओलीत करा.

आठ वाजता वरच्या भावानं आपलं तोंड बांधलं. तिथून माझ्या शेतापर्यंतची चारी कोरडी, भेगाळलेली. ती भिजून पाणी माझ्या वाफ्यात पडायला साडेनऊ झाले. पुढं धार चांगली होती. दीडच्या सुमारास काठावरची ओली रेघ पाण्याच्या चार बोटं वर दिसली. गव्हाची काडी टाकून पाहिली. आधी तिच्यामागं भराभर चालावं लागत होतं, आता ती रेंगाळत होती.

बॅटरी घेऊन चारीनं वर गेलो. त्याचं तोंड नीट बांधलेलं, माती वरून सुकलेली. पण थोडं पुढं धुऱ्यातून पाण्याचा आवाज येत होता. गवत बाजूला केलं तर पाईप. तो तिथंच घोंगडी पांघरून बसला होता.

"काहून भाऊ, बारी माही हाय ना?"

"हाय ना. पन दुपारी माह्या बारीत गेट खालवलं होतं. दोन घंटे अर्धंच पानी आलं. थे मले कोन देईन?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाद झाला, आवाज चढले, तीन वाजता त्यानं पाईप ओढला.

आता हिशेब बघा. चारीला एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी असेल तर तासाभरात एक एकरावर एक इंच पाणी होतं. गव्हाला पाळीला तीन इंच धरले तर चार एकरांना बारा तास बरोबर बसतात. माझा दीड तास चारी भरण्यात गेला आणि दीड तास धार निम्मी होती, म्हणजे पूर्ण धारेचे सव्वादोन तास बुडाले. सकाळी पाऊण एकर कोरडं राहिलं. कागदावर मात्र बारा तास पूर्ण. म्हणून माणूस बसतो. माझं ठाम मत आहे की चारी भरायला लागणारा वेळ शेपटावाल्याच्या बारीतून कापू नये.

गेटजवळचा: वरच्याला चोर ठरवणं सोपं आहे. माझं शेत चारीच्या तोंडाशी, पण उंचावर. धार निम्मी झाली की पाणी माझ्या वाफ्यात चढतच नाही, सगळं खाली वाहून जातं. तुम्हाला निम्मं तरी मिळतं, मला शून्य. आणि चारी लांब आहे हा माझा दोष आहे का? तो वेळ माझ्या तासांतून का द्यायचा?

पारशिवनीचा: मूळ दुखणं वर आहे. मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून आपल्या कालव्याला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं, त्यात नागपूरचं पिण्याचं आधी. चारीवर भांडून काय होणार?

माजी_कालवा_कर्मचारी: त्यानं पाळ्या कमी होतात हे खरं. पण सोडलेल्या पाळीत कोणाच्या धुऱ्यात पाईप आहे, ते चौराई ठरवत नाही.

चारी भरण्याच्या वेळेबद्दल शेपटावरचे अर्धे बरोबर आहेत. वारबंदी म्हणजे प्रत्येकाचा वार आणि वेळ ठरवून पाणी देणं. ती नीट बसवलेली असेल तर रिकामी चारी ज्याला भरावी लागते त्याला तेवढी मिनिटं जास्त देतात, आणि तो भार सगळ्यांच्या तासांत वाटला जातो. पण गेट बंद झाल्यावर चारीत उरलेलं पाणी शेवटच्यालाच मिळतं, म्हणून त्याची तेवढी मिनिटं कापतात. भाऊ, तुम्ही ते धरलं नाही.

दुसरं, 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं ठरलं, पण संस्थेच्या आत चारीवर पुन्हा घड्याळच चालतं. चारीच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजायची पट्टी लावा आणि प्रत्येक बारीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी पातळी वहीत लिहा. दुपारी गेट खालवलं होतं का, हे मग वहीत दिसेल.

विहीरवाला: आमच्याकडं चारी नाही, पण कृषिपंपाची लाईन रात्रीच येते. मीही जागतो, थंडीत साप कमी असतात एवढंच बरं.

शेपटावरचा: उरलेलं पाणी मी धरलं नव्हतं, खरं आहे. पण गेट सकाळी आठला बंद होतं कुठं? माझ्यानंतर लगेच पहिल्याची बारी लागते आणि तो वरच बांध घालतो. खाली उरलेलं येतं ते अर्ध्या तासाचंसुद्धा नसतं.

गेटजवळचा: वही लिहायला मी तयार आहे. पण रात्री दोन वाजता पट्टी कोण वाचणार? ज्याची बारी तो म्हणेल कमी होतं, वरचा म्हणेल पुरेसं होतं.

माजी_कालवा_कर्मचारी: बारी देणारा आणि घेणारा, दोघांनी मिळून. सही दोघांची.

गेटजवळचा: म्हणजे जागायचं दोघांनी. आणि गेट खालवल्यानं त्या वरच्या भावाचे गेले ते दोन तास? ते वहीत लिहून परत मिळतील का, हे अजून कोणी सांगितलं नाही.