प्रतिसाद: आधी तारीख बघा, मग तक्रारीचं ठरवा

> "जळगावात २०२१ पासून केळी वेफर्सचा धंदा आहे. आमच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. तक्रार करून मिळेल का?"

भाऊ, हूइजमध्ये, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदणीच्या माहितीत, `Creation Date` बघा. ती २०२१ च्या आधीची असेल तर बहुतेक वेळा तक्रारीचा नाद सोडलेला बरा. डॉट कॉमच्या वादांना यूडीआरपी नावाचं धोरण लागू होतं. त्यात समोरच्याने नाव वाईट हेतूने घेतलं आणि तसंच वापरलं, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. तेव्हा तुमचा धंदाच नव्हता, तर तुमच्यावर डोळा ठेवून नाव घेतलं असं म्हणणार कसं? वर असे वाद सोडवणाऱ्या डब्ल्यूआयपीओ या संस्थेची फी एका पंचासाठी १५०० डॉलर, वकील वेगळा. जिंकलात तरी नावच मिळतं, भरपाई नाही.

माझ्या मेहुण्याचं भुसावळला असंच झालं. समोरच्याने ८० हजार सांगितले. आम्ही धंद्याचं नाव न काढता साध्या ईमेलवरून १० हजारांपासून बोलणी केली, दोन महिने दम धरला, २२ हजारांत सौदा जमला. पैसे मात्र एस्क्रोतूनच, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइतामार्फतच द्या. नाव तुमच्या खात्यात आल्यावरच ते त्याला मिळतात.

तारीख नंतरची असेल आणि तो तुमच्याच नावाने वेफर्स विकत असेल, तर मात्र ट्रेडमार्कचे कागद घेऊन लढाच.