ओले बोंबील आणि पेटलेली कढई

"बोंबील सोडले की तेल अंगावर उडतं. कढई पेटलीच तर उचलून नळाखाली धरायची का?"

नळाखाली अजिबात नको. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन शेकडो पटींनी फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. शिवाय उचललेली कढई हिंदकळते, ते वेगळंच. आधी गॅस बंद करायचा. बटण ज्वाळेआड असेल तर आधी झाका. कढईपेक्षा मोठं, कोरडं स्टीलचं ताट ढालीसारखं धरून आपल्या बाजूने सरकवत वर ठेवायचं. काचेचं झाकण तडकू शकतं. मग तेल पूर्ण गार होईपर्यंत ताट उचलायचं नाही. सगळे चुकतात ते इथेच: ज्वाळा दिसत नाही म्हणून डोकावून बघतात, तेल मात्र अजून तेवढंच तापलेलं असतं आणि हवा मिळताच परत पेटतं. आग झाकण्यापलीकडे गेली तर बाहेर पडून १०१.

उडण्याचं म्हणाल, तर बोंबलात मासा कमी, पाणीच जास्त. पोटाकडून चिरून, मीठ लावून, सुती फडक्यात गुंडाळायचे आणि वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास ठेवायचं. फडकं ओलंचिंब निघतं. मसाला त्यानंतर, आणि रवा-तांदळाचं पीठ अगदी तव्यात सोडताना. आधी लावून ठेवलं तर तेही भिजतं. खोल कढईपेक्षा तव्यावर थोड्या तेलात तळा. तडतड मंदावल्याशिवाय उलटू नका. तेल धुरावलं, तर मात्र बोंबील न सोडता गॅस बंद. पेटण्याआधीची खूण तीच.