जीन्सवर कुर्ता: ऑफिसच्या निवांत दिवसांचे तुमचे अनुभव

निळीशाई
आमच्याकडे शुक्रवारी कपड्यांचं बंधन नसतं, त्या दिवशी मी जीन्स आणि कुर्ता घालते. पण लेगिंगवर छान बसणारा कुर्ता जीन्सवर घातला की कमरेखाली गोळा होतो, सारखा खाली ओढावा लागतो, आणि परवा तर मीटिंगमध्ये खुर्चीत बसताना साइड कटच्या टोकाशी टर्रकन आवाज आला, बघते तर दोन बोटं शिवण उसवलेली. कुर्ता ४४ इंची, सरळ, कॉटनचा, खाली बारीक काठ. अंगाला अजिबात घट्ट नाही, म्हणूनच कळत नाहीये की चुकतंय कुठे. तुम्ही जीन्सवर किंवा ट्राउझरवर कुठल्या लांबीचे कुर्ते घालता, काय बिघडलं, काय जमलं, सगळं लिहा.

सदाफुली
अगं साधं आहे, जीन्सवर घालायचा कुर्ता एक साइज मोठा घ्यायचा. मी तेच करते, बसताना कधी ताणला जात नाही.

अर्धविराम
माझाही असाच झाला होता, पहिल्या धुण्यात आटला. तुझाही आटलाच असणार, नवीन कॉटन आधी भिजवून मगच शिवायला द्यावं.

निळीशाई
नाही गं, वर्षभर धुतेय मी हा. लेगिंगवर आजही नीट होतो, फक्त जीन्सवर त्रास देतो.

टाकेदोरा
मी घरीच शिवते आणि हा त्रास माझ्याकडे आल्टरला येणाऱ्या कुर्त्यांत सारखा दिसतो. सगळे लांबीकडे बघतात, पण खरी गडबड साइड कट कुठे सुरू होतो तिथे असते. लेगिंग अंगाला चिकटून असते, तिची जाडी मोजण्यातच येत नाही. जीन्सला जाड कापड, खिशांची अस्तरं, मागचे दोन खिसे, बाजूची फुगीर शिवण, त्यात खिशात मोबाइल. टेप घे आणि आधी लेगिंगवर सीट मोज, मग जीन्सवर मोज, आणि तिसऱ्यांदा जीन्स घालून खुर्चीत बसून मोज. हे तिसरं माप कुणीच घेत नाही आणि दिवसातले आठ तास आपण बसलेलेच असतो. मग कुर्ता सपाट पसरून त्याची सीट मोज, आणि गळ्याजवळच्या खांद्यापासून कट किती इंचावर सुरू होतो तेही बघ. आकडे इथे टाक.

निळीशाई
मोजलं. लेगिंगवर ३८, जीन्सवर साडेएकोणचाळीस, बसल्यावर साडेएकेचाळीस! कुर्त्याची सीट ४०. खांद्यापासून कट २३ इंचावर. माझी उंची ५ फूट ३.

टाकेदोरा
बघ, सापडलं. तुझ्या उंचीला सीटचा सगळ्यात रुंद भाग साधारण २३ इंचावरच येतो आणि तुझा कट नेमका तिथूनच सुरू होतोय. म्हणजे त्या रुंद भागावर कापड अजून बंद आहे, ते ४० आणि बसलेलं अंग साडेएकेचाळीस. कापड दीड इंच कुठून आणणार? उभी असताना ते वर सरकून कमरेवर गोळा होतं, बसलीस की वर सरकायला जागा नसते आणि सगळा ताण कटच्या टोकाच्या चार टाक्यांवर येतो, म्हणून तिथेच उसवलं.
कट २१ इंचावर घे. सीटच्या वरच कापड मोकळं झालं की ताण उरत नाही. फक्त आधी जीन्सचा पट्टा कुठे येतो ते बघ. मिड राइज असेल तर तुझ्या मापाला तो १७-१८ इंचाच्या आसपास बसतो, म्हणजे कट आणि पट्ट्यात तीनेक इंच अंतर राहतं, वरच्या कपाटातली फाइल काढायला हात वर केलास तरी काही दिसत नाही. लो राइज जीन्सवर मात्र हे करू नकोस, हात वर गेला की पट्टा आणि पाठ दोन्ही उघडं पडतं.
आणि @सदाफुली, एक साइज मोठा घेतला की सीट सुटते हे खरंच, पण त्याबरोबर खांदा आणि बगलही मोठी होते. खांद्याची शिवण दंडावर उतरली की कुर्ता उसना आणल्यासारखा दिसतो. सैल खांद्याचाच कट असेल तर तुझा उपाय चालेल.

सदाफुली
हो, माझे सगळे कुर्ते सैल बाह्यांचेच आहेत, म्हणून मला कधी जाणवलं नसेल.

कोरा_कागद
पुरुषाचा अनुभव चालेल का? गुडघ्यापर्यंतचा कुर्ता जीन्सवर घालून गेलो की दिवसभर खिशातलं पाकीट काढताना पुढचा पल्ला उचलावा लागायचा, चारचौघांत फार अवघड वाटायचं. आता ३०-३१ इंची शॉर्ट कुर्ता घालतो, खिशाच्या तोंडाच्या थोडा खाली संपणारा. हाताला खिसा सापडतो आणि बाहेरून पट्टा दिसत नाही. माझी उंची ५ फूट ८. ट्राउझरवर मात्र अजून मन बसत नाही, क्रीज असलेल्या फॉर्मल ट्राउझरवर तोच कुर्ता अर्धवट तयार झाल्यासारखा वाटतो, सुती सैल ट्राउझरवर बरा.

जाईजुई
माझी तक्रार वेगळीच आहे, रंग लागतो. पांढरा चिकनचा कुर्ता गडद निळ्या नव्या जीन्सवर घातला आणि संध्याकाळी मांडीजवळ आतल्या बाजूने निळसर डाग, अजून गेले नाहीत. जीन्स मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो ना?

टाकेदोरा
मिठाने इंडिगो पक्का होत नाही गं. तो रंग धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेला असतो, घासला की निघतो. जीन्स उलटी करून तीन-चार वेळा वेगळी धुतलीस की सुटा रंग बराचसा निघून जातो. घालायच्या आधी ओलं पांढरं फडकं मांडीवर दहा वेळा घासून बघ, फडकं निळं झालं तर त्या दिवशी गडद रंगाचा कुर्ता घाल.

उंबरठा
मी ४ फूट ११. मला जीन्सवर ३८ इंची कुर्ता पण पोटरीकडे जातो, मग पाय दिसतच नाहीत. ३२ चा घेते. सगळे शॉर्ट कुर्ते मात्र कंबरेत चपटे शिवतात, कटच ठेवत नाहीत, ते बसल्यावर पोटावर आडव्या घड्या पडतात.

निळीशाई
करून आणला! टेलरने पहिल्यांदा नकार दिला, म्हणाले बाजूची शिवण ओव्हरलॉक करून मार्जिन पाव इंचच ठेवलंय, कट वर नेला तर दुमडायला कापड नाही. मग त्याच कापडाची बारीक पट्टी आतून लावली, ती लांबी कमी करताना निघालेल्या तुकड्यातूनच निघाली. लांबी ३७ केली. खालचा काठ मला सोडवत नव्हता, तो उसवून नव्या घेराला परत लावला, त्याला दोन दिवस जास्त गेले. कटच्या टोकाला आतून छोटा चौकोनी तुकडा ठेवून आडवी टीप मारून घेतली. आज दिवसभर घातला, खुर्चीत बसले, उठले, एकदाही ओढावा लागला नाही. आता एकच प्रश्न, मोठ्या पायाच्या ट्राउझरवर हाच ३७ इंची खाली रुंद आणि वरही रुंद दिसतोय.

टाकेदोरा
रुंद पायावर मी ३० पर्यंत आणते, म्हणजे सीटच्या खाली लगेच संपतो. ३७ तू जीन्ससाठीच ठेव.

कोरा_कागद
माझी बहीण रुंद ट्राउझरवर ४४ इंचीच घालते, पण मऊ रेयॉनचा, आणि तो सरळ खाली पडतो, सुंदर दिसतो. त्यामुळे लांबीपेक्षा कापड बघायचं का?

टाकेदोरा
रेयॉनचं मला नाही पटत, एसीत बसून उठलं की मागून चुरगळलेला दिसतो. पण पडतो छान, हे कबूल. अजून कुणी घालतं का रुंद ट्राउझरवर लांब कॉटन?