मदत हवी आहे: पोराची नाडी ४६ आणि अण्णांची ४०. दोन्ही सारखंच समजायचं का?

सिंधफणा
नमस्कार मंडळी. माजलगाव तालुक्यातून लिहितोय. प्रश्न घरातल्या दोघांचा आहे.

पोरगा २१ वर्षांचा. तीन वर्षांपासून लांब पल्ल्याचं पळतो, आठवड्याला ८०-९० किलोमीटर. आमच्याच बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेला बघून येड लागलंय. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं मशीन घरी आहे, त्यावर सकाळी उठल्या उठल्या त्याची नाडी ४६ दाखवते. त्याला कसलाच त्रास नाही.

वडील, म्हणजे अण्णा, ७३ वर्षांचे. ११ वर्षांपासून बीपी आहे. सकाळी अटेनोलॉल ५० आणि रात्री टेल्मिसार्टन ४०. पाच दिवसांपासून चक्कर यायलीये. परवा गोठ्याच्या दारात डोळ्यापुढं अंधारी आली, भिंतीला धरून खाली बसले. मशीन लावलं तर नाडी ४०, काल ३८. बीपी ११० च्या आसपास.

घरात सगळे म्हणायलेत, "आजा-नातवाचं काळीज एकसारखं, मजबूत आहे, उन्हानं चक्कर येते." ऊनही ४२-४३ चं आहे, ते खोटं नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर लग्नाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर थांबावं का?

बालाघाटचा_पळणारा
दादा, घाबरू नका. माझं वय ५१, नाडी ४२. रोज पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. साध्या माणसाचं ७० ठोक्यांत मिनिटाला पाचेक लिटर जातं. पळणाऱ्याचं एका ठोक्यात ११० मिली गेलं, तर ४५ ठोक्यांतच तेवढं भागतं. मग जास्त धडधडायचं कशाला? मुलाचं तर शंभर टक्के हेच आहे.

अण्णांचं तपासायची सोपी युक्ती सांगतो. अंगणात दहा फेऱ्या मारायला लावा आणि लगेच मोजा. ८०-९० झाली तर हृदय चांगलं. ४० च राहिली तर दवाखाना.

परभणीकर_काका
४० म्हणजे फारच लो बीपी झालं की! आमच्या हिला दर उन्हाळ्यात होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या, दिवसातून दोन शहाळी पाजा आणि पाय उशीवर ठेवून झोपवा. दोन दिवसांत फरक पडेल.

सीसीयूतली_ताई
काका, ४० ही नाडी आहे, बीपी नाही. बीपी ते ११० लिहितायत. आणि शहाळं सध्या अजिबात देऊ नका, कारण खाली सांगते.

पळणाऱ्या दादांनी मुलाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण अंगणातल्या फेऱ्या नकोत. ज्याला उभं राहिल्यावर अंधारी येते त्याला फेऱ्या मारायला लावलं, तर तो अंगणातच पडेल आणि या वयात खुबा मोडेल. ती परीक्षा दवाखान्यात, तारा लावून करायची असते.

मी १९ वर्षं हृदयविभागात सिस्टर आहे. सिंधफणा दादा, एवढं लगेच सांगा. एक, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद घड्याळात मोजा. मध्येच हलका ठोका पडत असला तर तो बोटाच्या मशीनला कळत नाही आणि खरी नाडी ७६ असली तरी ते ३८ दाखवू शकतं. दोन, पाच दिवसांत जुलाब, उलटी, ताप काही झालं का? तीन, लघवी किती वेळा होते? चार, या दोन गोळ्यांशिवाय काही चालू आहे का? गुडघ्याची गोळी, डोळ्यात टाकायचे थेंब, सगळं. काचबिंदूच्या काही थेंबांनीसुद्धा नाडी उतरते आणि थेंबांना घरात कोणी औषधात धरत नाही.

सिंधफणा
ताई, हातानं मोजली. पूर्ण मिनिटात ३९, एकसारखी, मध्ये गाळा नाही.

जुलाब झाले होते. मागच्या शनिवारपासून चार दिवस, दिवसाला सात-आठ वेळा. लग्नातल्या जेवणामुळं असंल म्हणून सांगायचं राहिलं. लघवी काल दोनदाच, गर्द पिवळी. डोळ्याचे थेंब नाहीत. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्यानं दिलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. बीपीच्या गोळ्या नेमानं चालू आहेत, एकही चुकवली नाही.

सीसीयूतली_ताई
एकही चुकवली नाही, इथंच गोची आहे.

सोमवारपर्यंत थांबू नका. आज, आत्ता, जिथं ईसीजी आणि रक्ताची लगेच तपासणी होते तिथं न्या. गाडी नसेल तर १०८. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

काय झालं असावं ते सांगते. अटेनोलॉल नाडी कमी करते, तिचं कामच ते. ही गोळी शरीराबाहेर जाते ती मुख्यतः किडनीवाटे. चार दिवस जुलाब, वरून ४२ चं ऊन, अंगातलं पाणी आटलं. त्यात दुखण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन, दोन्हींमुळं अशा वेळी किडनीवर अजून ताण येतो. किडनी मंदावली की अटेनोलॉल साचत जाते. रोज ५० च घेतली तरी अंगात त्याहून जास्त उरते. दुसरीकडं पोटॅशियमही बाहेर पडत नाही, टेल्मिसार्टनमुळं ते आणखी चढतं. पोटॅशियम चढलं की हृदयातली वीज मंदावते. नाडी उतरली की किडनीला रक्त कमी, मग गोळी आणि पोटॅशियम अजून साचतं. असं चाक फिरत राहतं. मे महिन्यात आमच्याकडं असे म्हातारे दरवर्षी येतात आणि घरचे सगळे "उन्हानं झालं" म्हणूनच आणतात.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून नको म्हटलं. एरवी जुलाबात ते चांगलंच. बीपीवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठही आज नको.

उद्या सकाळची अटेनोलॉल डॉक्टरांनी बघितल्याशिवाय देऊ नका, दुखण्याची गोळी तर नाहीच. पण वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, नाडी ठीक असताना ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते, छातीत दुखणं उलटू शकतं. सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

गोदाकाठ
माझ्या आईची नाडी ३६ होती. कसलीच गोळी नव्हती, जुलाब नव्हते. देवघरात बसल्या बसल्या कोसळली. संभाजीनगरला नेलं, ईसीजीत पूर्ण ब्लॉक निघाला, दुसऱ्या दिवशी पेसमेकर. सहा वर्षं झाली, अजून भाकरी थापते. माझं म्हणणं, गोळ्यांचा घोळ घालत बसू नका, थेट पेसमेकरवाल्याकडं जा.

सिंधफणा
(दुसऱ्या दिवशी) ताईंचं ऐकून रात्रीच निघालो. पोटॅशियम ६.८ आलं, क्रिएटिनिन २.९. मागच्या दिवाळीत १.१ होतं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले वरच्या कप्प्याचा आणि खालच्या कप्प्याचा मेळच नाही. शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग इन्सुलिन आणि साखर, सलाईन चालू आहे. गरज पडली तर गळ्यातून तात्पुरती तार टाकू म्हणाले, अजून टाकली नाही. नाडी सकाळी ४८.

बालाघाटचा_पळणारा
देवाची कृपा. फेऱ्यांचं मी चुकीचं सांगितलं. पण ताई, नियम तर खरा आहे ना? मेहनत केली की नाडी वाढते तो संथपणा चांगला?

सीसीयूतली_ताई
निरोग्या पळणाऱ्यासाठी खरा आहे, दादा. तुमची ४२ जिना चढला की शंभरावर जाते, कारण वरून हुकूम निघतो आणि खाली पोचतो, फक्त आरामात कमी निघतो. अण्णांचा हुकूम वाटेतच अडत होता. खालचा कप्पा आपल्या जिवावर ३९ वर चालला होता, त्याला चालण्याची, चढण्याची खबरच नाही. तुमचा हिशोब त्यांना लावून बघा. त्यांच्या ठोक्यात ११० मिली नाही जात. ८० धरले तरी मिनिटाला तीनच लिटर. डोकं बसल्या जागी कसंबसं निभावतं, उठलं की अंधारी.

म्हणून आकड्याआधी मी माणूस बघते. ४६ वर हसत पळणारा मला चालतो, ५० वर भिंत धरणारा चालत नाही.

सिंधफणा
(चौथा दिवस) अण्णांची नाडी ६२, क्रिएटिनिन १.४, पोटॅशियम ४.७. जेवायलेत, माझ्यावर ओरडायलेत. अटेनोलॉल बंद केली, दुसरी बीपीची गोळी देणार.

आता पोराचं. या गोंधळात त्यानं सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी १० किलोमीटरची शर्यत संपवून उभा राहिला आणि खाली बसला, मिनिटभर शुद्ध नव्हती. घड्याळात झोपेतली नाडी ३७ दाखवते. याचं काय?

सीसीयूतली_ताई
झोपेत ३७ ची मला चिंता नाही, इतकं पळणाऱ्यात ते दिसतं. शर्यत संपल्यावर एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, त्यानं बरेच जण बसतात. रेषा ओलांडली की दोन-तीन मिनिटं चालत राहायला सांगा. पण *पळता पळता* पडला असेल, पडण्याआधी छाती धडधडली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर गोष्ट वेगळी, मग पळणं बंद ठेवून ईसीजी आणि टूडी इको आधी. त्याला एकट्याला विचारा, आईसमोर पोरं खरं सांगत नाहीत. ईसीजी मात्र एकदा काढाच.

सिंधफणा
विचारलं. थांबल्यावरच पडला, पळताना नाही म्हणतो. काल इथंच ईसीजी काढला. ठोके संथ, पण छोट्या लाटेमागं मोठी लाट प्रत्येक वेळी आहे, पळणाऱ्याचा आहे म्हणाले. इको पुढच्या आठवड्यात.

अण्णांच्या बाबतीत मात्र दोन मतं पडलीत. नाडी सुधारली तरी ईसीजीत उजवीकडची तार मंद दिसते आणि वरून खाली हुकूम पोचायला थोडा जास्त वेळ लागतो. एक डॉक्टर म्हणतात गोळी आणि पोटॅशियमनं झालं होतं, ते गेलं, आता थांबून बघू. दुसरे म्हणतात तारा आधीच झिजलेल्या आहेत, आज ना उद्या पेसमेकर लागणार.

गोदाकाठ
मी काय म्हणत होतो! बसवूनच घ्या. योजनेत बसतं.

सीसीयूतली_ताई
गोदाकाठ भाऊ, तुमच्या आईला गोळीचं कारणच नव्हतं, तिथं प्रश्नच नव्हता. इथं आहे. गोळी बंद करूनही काही जणांना महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ब्लॉक येतो हे मी पाहिलंय, आणि काही जण वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेलेही. अण्णा कुठल्या बाजूचे, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. होल्टर लावा, २४ तासांची नोंद मिळेल. तोवर रोज सकाळी एकच माणूस, एकाच वेळी, मनगटावर पूर्ण मिनिट मोजेल आणि वहीत लिहील. ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली, तर होल्टरच्या तारखेची वाट बघायची नाही.

परभणीकर_काका
मग शहाळं कधीपासून चालेल?

सिंधफणा
काका, तेच अण्णा पण विचारायलेत. डॉक्टर म्हणाले पुढच्या रक्ततपासणीनंतर. होल्टर गुरुवारी आहे. वही पोराकडं दिलीये, आजची अण्णांची ६०, त्याची ४५.