सुपरवायझरचा सुधारणा आराखडा: सुधारायला की हाकलायला?

किराणा_ते_मार्ट: साताऱ्याला आमचं छोटं सुपरमार्केट आहे. संध्याकाळच्या शिफ्टच्या सुपरवायझरला काल पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारायचा आराखडा, दिला: 30 दिवसांत सेल 15 टक्के वाढवणे, स्टॉकमधली तूट शून्य, टीमशी वागणूक सुधारणे. तो सही करायला तयार नाही. यात अन्यायाचं काय आहे, कोणी सांगेल का?

मोजूनमापून: सांगतो, असले कागद बघून डोकं फिरतं म्हणूनच. भाव तुम्ही ठरवणार, माल तुम्ही मागवणार आणि सेल त्याने वाढवायचा! तूट शून्य कुठल्याच मार्टला जमत नाही. आणि वागणूक मोजणार कोण, कशाने?

स्टॉक तेवढा धरा, पण नीट. दुपारी 3 ला शिफ्ट बदलताना कुठलेही 30 आयटम मोजून सिस्टिमशी ताडा आणि रात्री शटर ओढायच्या आधी तेच 30 पुन्हा. यादी त्याच दिवशी काढायची, मोजणार तुमचा अकाउंटंट, तुम्ही नाही. 3 वाजताच जो फरक दिसतो तो त्याच्या माथी मारायचा नाही, मधल्या वेळात वाढलेलाच त्याचा. सकाळच्या शिफ्टलाही हेच लावा. दोन्हीकडे सारखाच फरक निघाला तर दोष माणसात नाही, दुकानाच्या पद्धतीत आहे, मग पीआयपी फाडून टाका. आधी दोन आठवडे नुसतं मोजा. समजा सरासरी 9 आयटम चुकले, तर चौथ्या आठवड्याला 6 आणि आठव्याला 4, असं लिहून द्या.

किराणा_ते_मार्ट: साहेब, माझं दुकान आहे, कारखाना नाही. आणि तूट म्हणजे सरळ चोरी आहे. आटा नूडल्सची 22 पाकिटं गायब!

मोजूनमापून: मसाला नूडल्स किती जास्त आहेत ते बघा. गिऱ्हाईक दोन चवींची चार पाकिटं ठेवतं, कॅशियर गर्दीत एकच स्कॅन करून क्वांटिटी 4 मारतो. एका चवीची तूट, दुसरीची वाढ. चोराने नेलं असतं तर दुसरीकडे वाढ दिसली नसती.

काउंटरवाली: याच 'तुटी'पायी माझ्या पगारातून दोनदा कापलेत. आम्ही पाचजणी, तूट समान वाटून! एकीने तर त्या महिन्यात रजाच घेतली होती, तिचेही कापले. पीआयपी वगैरे लाड सुपरवायझरचेच, आम्हाला थेट पाकिटात कमी.

कोर्टकचेरी: मालकाने उगीच त्रास करून घेऊ नये. सुपरवायझर हा कामगार नाही, नोटीस द्या आणि मोकळे व्हा. पगारातून कापण्याचं म्हणाल, तर नुकसान भरून घेता येतं.

मोजूनमापून: अर्धंच वाचता तुम्ही. नुकसान कापता येतं, पण माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असेल, त्याच्याच हलगर्जीने गेला असेल आणि बाजू मांडायची संधी दिली असेल तर. पाचजणींत वाटणी करणं त्यात बसत नाही. आणि कामगार की सुपरवायझर हे छातीवरच्या बिल्ल्यावर ठरत नाही. दिवसभर बिलिंग करून पोती उचलणारा 'सुपरवायझर' कोर्टात कामगार ठरू शकतो.

काउंटरवाली: संधी! विचारलं तर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आणि इथे कायद्याचे धडे.

कोर्टकचेरी: ताई, मी कायदा सांगतोय, तुमच्या मालकाची वकिली करत नाही.

काउंटरवाली: वर 'मालकाने त्रास करून घेऊ नये' कोणी लिहिलंय? वाचा परत.

मेडिकलवाला: आमच्याकडे एक्स्पायरीचा घोळ होतो, त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

किराणा_ते_मार्ट: मोजलं. मसाला 19 जास्त निघाली. घ्या, जिंकलात. उरलेली 3 बहुतेक उंदरांनी नेली! पण त्याच्या शिफ्टला हा प्रकार होतो, मग कॅशियरला टोकायचं काम कोणाचं?

मोजूनमापून: त्याचंच, आणि हे मोजताही येतं. क्वांटिटी टाकलेली बिलं रोज सिस्टिममधून काढून त्यातल्या वेगवेगळ्या चवी-वासांत येणाऱ्या मालाच्या ओळी त्याने तपासायच्या, खाली सही करायची. मात्र कागदावर तुमचीही बाजू हवी. तुमच्याकडे मालाची गाडी किती वाजता येते?

किराणा_ते_मार्ट: सातला. होलसेलवाला आधी सोडतच नाही.

मोजूनमापून: म्हणजे ऐन गर्दीत. खोकी मागे ढकलली जातात, एंट्री दुसऱ्या दिवशी, तोवर त्यातलाच माल विकून स्टॉक मायनसमध्ये. गाडी 5 च्या आत आणा किंवा 7 ते 9 एक जादा माणूस द्या. हे पाळलं नाही तर तो आठवडा त्याच्या हिशेबात धरायचा नाही, असं लिहून द्या. सही करेल.

किराणा_ते_मार्ट: जादा माणूस देतो. पण आठ आठवडे नाही, मध्ये दिवाळी येते.

मोजूनमापून: मग दिवाळीचे दोन आठवडे मोजणीतून वगळा आणि मुदत तेवढी पुढे न्या.

किराणा_ते_मार्ट: म्हणजे दहा आठवडे पगार देऊन परीक्षाच घेत बसू? सहा देतो, पटलं तर ठीक.

काउंटरवाली: त्या सहा आठवड्यांत तूट निघाली तर कोणाच्या पगारातून कापणार, तेही लिहा.